वॉक-फॉरवर्ड टेस्टिंग: विंडो सरकवायची की वाढवत न्यायची, या वादाची पार्श्वभूमी

वॉक-फॉरवर्ड टेस्टिंगचं मूळ अमेरिकेतल्या फ्युचर्स ट्रेडर्सकडे जातं. 80 च्या दशकात घरोघरी पीसी आले, मूव्हिंग ॲव्हरेजचे शेकडो आकडे रात्रभर चालवून सगळ्यात भारी आकडा निवडता यायला लागला, आणि तोच आकडा पुढच्या वर्षी सपशेल आपटायला लागला. त्यावर तोडगा असा निघाला की एका काळावर, म्हणजे विंडोवर, आकडा ट्यून करायचा, लगेच पुढच्या न बघितलेल्या काळावर तपासायचं, मग दोन्ही पुढे ढकलायचे, आणि शेवटी फक्त तपासणीचे तुकडे जोडून निकाल बघायचा. 90 च्या दशकाच्या सुरुवातीला हे पुस्तकातही आलं.

आपल्याकडे खरी चर्चा पेटली ती बँक निफ्टीच्या वीकली, म्हणजे दर आठवड्याला संपणाऱ्या, ऑप्शन्समुळे. ते 2016 च्या मे मध्ये सुरू झाले आणि 2020-21 पर्यंत 9:20 ची स्ट्रॅडल विकणं हा जवळजवळ घरगुती उद्योग झाला होता. सकाळी 9:20 ला ॲट द मनी, म्हणजे चालू भावाच्या सगळ्यात जवळचे, कॉल आणि पुट दोन्ही विकायचे, प्रत्येकाला वेगळा स्टॉपलॉस लावायचा आणि दुपारी बाहेर पडायचं. ट्यून करायचा आकडा एकच, स्टॉप 20 टक्के, 25, 30 की 40.

आता समजा 12 महिन्यांवर ट्यून आणि पुढच्या 3 महिन्यांवर तपासणी ठेवली. ट्यूनिंगच्या वर्षात 2 लाख सुटले आणि पुढच्या तिमाहीत 30 हजार. बरेच जण इथेच नाक मुरडतात, पण तिमाहीचं वर्षाच्या हिशोबात आणलं की 1 लाख 20 हजार होतात, म्हणजे 60 टक्के टिकलं. जुन्या लोकांचा अंदाजपंचे नियम होता की 50 च्या वर टिकलं तर बरं, पण एका तिमाहीवरून काहीच ठरत नाही, बऱ्याच तिमाह्या बघाव्या लागतात.

भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. पुढच्या फेरीत ट्यूनिंगची सुरुवातही 3 महिने पुढे न्यायची (रोलिंग), की सुरुवात 2016 लाच खिळवून शेवट फक्त वाढवत जायचा (अँकर्ड)?

अँकर्डवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे मार्च 2020. 23 मार्चला सकाळीच 10 टक्क्यांचं सर्किट लागून 45 मिनिटं बाजार बंद, दिवसअखेर निफ्टी जवळपास 13 टक्के खाली. रोलिंगमध्ये हा दिवस कधी गायब होतो बघा: एप्रिल ते जून 2021 तपासायचं तर ट्यूनिंग एप्रिल 2020 ते मार्च 2021 वर, म्हणजे तो महिना नेमका बाहेर. जे वर्ष उरतं त्यात व्होलॅटिलिटी एकंदर उतरत गेलेली, विकणाऱ्याला सगळं गोड वाटणारं. म्हणणं बरोबर आहे, पण मला ते अर्धवट वाटतं, कारण अँकर्डमध्ये तो दिवस असला तरी शेकडो दिवसांतला एक, सरासरी नफ्यावर स्टॉप निवडला तर तो बुडूनच जातो. वर जुन्या भावांवर चालवलेल्या बहुतेक बॅकटेस्ट स्टॉप लागला की नेमक्या त्याच भावाला सौदा झाला असं धरतात, आणि अशा दिवशी तो भाव मिळत नाही. त्या दिवसाचा हिशोब वेगळा काढून, खराब भाव धरून बघावा, विंडो लांबवून तो प्रश्न सुटत नाही.

उलट अँकर्डची दुखरी नस म्हणजे बाजाराचे नियमच बदलतात. सप्टेंबर 2023 मध्ये बँक निफ्टीची वीकली एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शन संपण्याचा दिवस, गुरुवारवरून बुधवारी गेली. स्ट्रॅडल विकणाऱ्याची बरीचशी कमाई एक्स्पायरीच्या दिवशी प्रीमियम विरघळण्यातून येते, आणि त्या बदलानंतर निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी एकटी पडली, म्हणजे गर्दीही वाटली गेली. रोलिंगमध्ये जुना गुरुवार सप्टेंबर 2024 पर्यंत विंडोतून पूर्ण निघून जातो, अँकर्डमध्ये तो सात वर्षांच्या वजनानिशी बसून राहतो.

यात एक चोरवाट दोन्हीकडे आहे. 12 आणि 3 जमलं नाही म्हणून 6 आणि 1, मग 24 आणि 6, असं करत जो ग्राफ सुंदर दिसेल तो ठेवला की 'न बघितलेला' काळ बघून झालेला असतो. ओळखायची सोपी खूण: शेजारच्या विंडोंवर, म्हणजे 11 आणि 3 किंवा 13 आणि 3 वर निकाल एकदम कोसळतो. दर फेरीला निवडलेला स्टॉप 20 वरून 40 आणि परत 25 असा उड्या मारत असेल तरी समजावं की आकड्यात फारसा दम नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये बँक निफ्टीची वीकली बंदच झाली, आणि दोन्ही गटांकडे तपासायला पुढचा काळच उरला नाही. लोक तीच विंडो घेऊन निफ्टीच्या वीकलीवर गेले. तिथेही सप्टेंबर 2025 पासून गुरुवारचा मंगळवार झाला, म्हणजे सप्टेंबर 2024 ते ऑगस्ट 2025 वर ट्यून केलेला स्टॉप तपासला गेला तो थेट मंगळवारच्या एक्स्पायरीवर.