बुडबुडे किती आणि ऑक्सिजन किती

हायड्रिलाची फांदी पाण्यात उलटी बुडवायची, दिवा समोर ठेवायचा आणि देठाच्या कापलेल्या टोकातून मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजायचं. मग दिवा लांब सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं. जीवशास्त्राच्या प्रयोगवहीतला हा जुना प्रयोग. जुना म्हणजे किती? युलिउस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने १९व्या शतकात याच पद्धतीने पाणवनस्पतींवर प्रकाशाचा परिणाम तपासला होता. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १९२०च्या दशकात प्रकाशसंश्लेषणावर काम केलं, तेही हायड्रिलावरच.

या हिवाळ्यात माझ्या अकरावीतल्या भाचीला कॉलेजच्या प्रदर्शनासाठी हा प्रयोग मांडायचा होता. पुण्यात मत्स्यालयाच्या कुठल्याही दुकानात हायड्रिला सहज मिळते. अर्धा लिटर पाणी मावेल असं चंचुपात्र घेतलं. क्लोरीन निघून जावं म्हणून नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं होतं. कार्बन डायऑक्साइड कमी पडू नये म्हणून त्यात साधारण एक ग्रॅम खायचा सोडा विरघळवला. बोटभर लांबीची ताजी फांदी पाण्याखालीच ब्लेडने तिरकी कापली आणि कापलेलं टोक वर येईल अशी उभी केली. समोर ९ वॉटचा एलईडी बल्ब. प्रत्येक अंतरावर पाच मिनिटं थांबायचं आणि मगच मोजायला घ्यायचं, असं ठरवलं, कारण दिवा हलवल्यावर वनस्पतीचा वेग लगेच स्थिरावत नाही. देठातल्या हवेच्या पोकळ्यांत आधीच साठलेला वायूही काही वेळ बाहेर येत राहतो.

आकडे छान आले. १० सेंटिमीटरवर मिनिटाला सरासरी ४२ बुडबुडे, २० वर २४, ३० वर १३ आणि ४० वर ८. अंतर वाढलं की बुडबुडे कमी, आलेखाचा उतारही देखणा. भाचीने निष्कर्षाच्या रकान्यात लिहूनही टाकलं की २० सेंटिमीटरच्या तुलनेत १० सेंटिमीटरवर ऑक्सिजन पावणेदोन पट वेगाने तयार होतो.

हे वाक्य मला खटकलं. बुडबुडे पावणेदोन पट होते, हे खरं. ऑक्सिजनबद्दल मात्र आम्ही अजून काहीच मोजलेलं नव्हतं.

मग आम्ही बुडबुडे पकडायचं ठरवलं. आतून १ मिलिमीटर व्यासाची काचेची केशनलिका घेतली. तिचं एक तोंड नरसाळ्यासारखं पसरट असतं. दुसऱ्या टोकाला रबरी नळीने इंजेक्शनची सिरिंज जोडली, आत सगळीकडे पाणी भरलं आणि पसरट तोंड देठाच्या टोकावर धरलं. पाच मिनिटं बुडबुडे तिथे जमू द्यायचे, मग सिरिंजचा दट्ट्या हळूच ओढून जमलेला वायू अरुंद भागात आणायचा. तिथे त्याचा एक सलग स्तंभ होतो आणि त्याची लांबी फूटपट्टीने मोजता येते. १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मिलिमीटर लांबीमागे ०.७८५ घनमिलिमीटर वायू असतो. म्हणजे एवढासा वायूही साध्या पट्टीने मोजता येतो.

१० सेंटिमीटरवर पाच मिनिटांत ७२ मिलिमीटर लांबीचा स्तंभ जमला, २० सेंटिमीटरवर ३० मिलिमीटरचा. म्हणजे वायू २.४ पट, तर बुडबुडे फक्त १.७५ पट.

"मामा, बुडबुडे तर नीट मोजले होते. मग एवढा फरक कुठून आला?"

फरक बुडबुड्यांच्या आकारातून आला. १० सेंटिमीटरवर पाच मिनिटांत साधारण २१० बुडबुडे सुटले आणि वायू जमला ५६.५ घनमिलिमीटर. भागाकार केला की एका बुडबुड्यात ०.२७ घनमिलिमीटर वायू. २० सेंटिमीटरवर १२० बुडबुड्यांत २३.६ घनमिलिमीटर, म्हणजे एका बुडबुड्यात ०.२० च्या आसपास. आता यावरून व्यास काढा. पहिल्या बुडबुड्याचा व्यास येतो ०.८० मिलिमीटर, दुसऱ्याचा ०.७२. दोन्हींत फरक ०.०८ मिलिमीटरचा, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतका. डोळ्यांना दोन्ही बुडबुडे सारखेच दिसतात. पण गोलाचं घनफळ व्यासाच्या घनावर अवलंबून असल्यामुळे व्यासातला जेमतेम १० टक्क्यांचा फरक वायूच्या मापात तिसऱ्या हिश्श्याहून मोठा होतो. व्यास २६ टक्क्यांनी वाढला, तर एका बुडबुड्यात दुप्पट वायू मावतो.

आकार बदलतो कशाने? बुडबुडा टोकाला चिकटून फुगतो आणि पृष्ठताणापेक्षा त्याला वर ढकलणारा जोर जास्त झाला की सुटतो. त्यामुळे तो किती मोठा होऊन सुटणार, हे आधी कापलेल्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं. ब्लेड जरा वेगळ्या कोनात चाललं किंवा देठातली दुसरीच पोकळी उघडी पडली की आकार बदलतो. म्हणूनच एका फांदीचे आकडे दुसऱ्या फांदीच्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. शिवाय मंद प्रकाशात बुडबुडा टोकाला जास्त वेळ लटकून राहतो आणि तेवढ्या वेळात त्यातला ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यात विरघळत राहतो. जोरदार प्रकाशात वायू भराभर येतो, बुडबुडा झटकन फुगून सुटतो, विरघळायला सवड कमी मिळते. मला वाटतं आमच्या आकड्यांतला फरक मुख्यतः यामुळे असावा. तसं असेल तर ही चूक एकाच दिशेने झुकलेली आहे. दिवा जितका लांब, तितका एकेक बुडबुडा हलका, आणि आपण मात्र सगळ्यांना सारखंच मोजणार.

याचा परिणाम थेट निष्कर्षावर होतो. दिवा २० वरून १० सेंटिमीटरवर आणला की, बल्बला बिंदू मानलं तर, प्रकाश चौपट होतो. ४० वरून १० वर आणला तर सोळापट. आमच्याकडे ४० ते १० मध्ये बुडबुडे सव्वापाच पट झाले, पण जमलेला वायू ९ पट झाला. नुसते बुडबुडे पाहिले तर वाटतं की प्रकाश वाढवूनही वनस्पतीचा वेग लवकरच मंदावला, म्हणजे प्रकाशाऐवजी आता दुसराच काही घटक आड येतोय. ब्लॅकमन यांनी १९०५ मध्ये मांडलेला मर्यादाकारी घटकांचा नियम याच वळणाबद्दल बोलतो. वायूच्या मापात वळण दिसतं, पण बरंच सौम्य. बुडबुड्यांच्या भरवशावर हा नियम शिकवताना वळणाचा काही भाग वनस्पतीचा नसून मोजण्याच्या पद्धतीचा असतो, हे विद्यार्थ्यांना सांगितलंच पाहिजे.

आकाराची ही अडचण ए. जे. विल्मॉट यांच्या लक्षात आली होती. १९२१ मध्ये त्यांनी वनस्पतीतून येणारा वायू एकाच ठरावीक तोंडाच्या काचेच्या नळीतून बाहेर सोडण्याची युक्ती काढली, म्हणजे देठ कसाही कापला तरी बुडबुडे जवळपास सारख्या आकाराचे सुटतात. आपल्या प्रयोगशाळांत विल्मॉटचा बबलर म्हणून जे उपकरण असतं, त्यामागे हाच विचार आहे. बबलर कपाटात असूनही फांदी थेट चंचुपात्रात ठेवून मोजलं जातं, याची मला फार हळहळ वाटते.

आकार सारखा केला तरी एक मोठी गोष्ट उरतेच. सगळा ऑक्सिजन बुडबुड्यांतून बाहेर पडत नाही. आमचा ५६.५ घनमिलिमीटर वायू निव्वळ ऑक्सिजन होता असं धरलं, तरी त्याचं वजन भरतं ०.०७ मिलिग्रॅम. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे हिवाळ्यात हवेच्या संपर्कातल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. चंचुपात्रातल्या अर्ध्या लिटरात ४ मिलिग्रॅम. म्हणजे आम्ही पाच मिनिटांत जेवढा ऑक्सिजन पकडला, तेवढाच आणखी पाण्यात मुरला असता, तर पाण्यातलं प्रमाण २ टक्क्यांनीही वाढलं नसतं. पानांच्या पृष्ठभागातून असा ऑक्सिजन सतत पाण्यात जात असतो आणि तो मोजणाऱ्याला दिसत नाही. काही भाग वनस्पती स्वतःच्या श्वसनासाठी वापरते. म्हणून दिवा दूर नेल्यावर बुडबुडे थांबले, याचा अर्थ प्रकाशसंश्लेषण थांबलं असा होत नाही.

आणि बुडबुड्यातला वायू निव्वळ ऑक्सिजन नसतोच. देठातल्या पोकळ्यांमध्ये आणि सुटू पाहणाऱ्या बुडबुड्यामध्ये पाण्यातला नायट्रोजन शिरतो. मंद प्रकाशात ऑक्सिजन हळू येतो, त्यामुळे नायट्रोजनचा वाटा वाढतो. म्हणजे केशनलिकेतलं मापही वायूचं आहे, ऑक्सिजनचं नाही. तेवढं अचूक हवं असेल तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र बंद बाटलीत लावावं लागतं.

दिव्याच्या अंतराबद्दल थोडं. आमच्या बल्बचा घुमट ६ सेंटिमीटर रुंद होता. १० सेंटिमीटर हे अंतर घुमटाच्या काचेपासून धरायचं की मध्यापासून? फरक ३ सेंटिमीटरचा, पण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत असल्यामुळे उजेडाच्या हिशोबात तो जवळपास १.७ पट होतो. इतक्या रुंद बल्बसाठी व्यस्त वर्गाचा नियम ३० सेंटिमीटरच्या पुढेच बऱ्यापैकी लागू पडतो, त्यामुळे वर मी लिहिलेले चौपट आणि सोळापट हे आकडे ढोबळच आहेत. मोबाइलवरच्या लक्स मीटरने फांदीच्या जागी प्रकाश मोजणं त्याहून बरं. खिडकी उघडी ठेवून मोजू नका. ४० सेंटिमीटरवर असा बल्ब सुमारे ९०० लक्स देतो. पडद्याआडून येणारा ४०० लक्सचा उजेड तिथे जवळपास निम्म्याने भर घालतो, पण १० सेंटिमीटरवर त्याने काही फरक पडत नाही.

शेवटी भाचीच्या तक्त्यात रकान्याचं शीर्षक बदललं. 'ऑक्सिजनचा वेग' खोडून 'बुडबुडे, दर मिनिटाला' असं लिहिलं आणि शेजारी वायूस्तंभाच्या लांबीचा नवा रकाना जोडला. अंतरं जवळून लांब अशा क्रमाने न घेता उलटसुलट घेतली आणि सगळ्यात शेवटी पुन्हा १० सेंटिमीटरवर मोजलं. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा जुळला नाही, तर मधल्या वेळेत पाणी तापलं असेल, कार्बन डायऑक्साइड कमी झाला असेल किंवा देठाचं तोंड बुजलं असेल. बाजूच्या चंचुपात्रात तसंच पाणी भरून त्याच दिव्यासमोर उकळून मारलेली फांदी ठेवली. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि तिचे बुडबुडे पानांवर, काचेवर जमतात. मेलेल्या फांदीवरही बुडबुडे दिसू लागले, तर जिवंत फांदीच्या आकड्यातले किती बुडबुडे नुसत्या तापण्याचे आहेत, याचा अंदाज तिथून घेता येतो.