बर्फाचा कारखाना बंद, तरी बिल: VI cos φ ची पार्श्वभूमी

प्रत्यावर्ती वीज घरोघरी पोचू लागली, तेव्हा व्होल्टमीटर आणि ॲमीटरच्या आकड्यांचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा जास्त भरतो हे मोजणाऱ्यांच्या लक्षात आले. 1891 मध्ये तर नुसत्या तीन व्होल्टमीटरांनी खरी शक्ती काढायची पद्धतही निघाली. गुणाकार जास्त का भरतो, ते एका पंपावर पाहू.

230 व्होल्ट, 10 अँपियर, प्रवाह व्होल्टेजच्या 37 अंश मागे. V म्हणजे व्होल्ट, I म्हणजे अँपियर, φ म्हणजे हा मागे पडण्याचा कोन आणि ω म्हणजे विजेच्या आवर्तनाचा कोनीय वेग. क्षणोक्षणीची शक्ती अशी:

p = VI cos φ − VI cos(2ωt − φ)

दुसरे पद सेकंदाला 100 वेळा वरखाली होते आणि पूर्ण आवर्तनात त्याची बेरीज शून्य येते. उरते ते VI cos φ, म्हणजे 2300 × 0.8 = 1840 वॅट. मधल्या काळात p 4140 वॅटपर्यंत चढते आणि −460 पर्यंत उतरते. दर 10 मिलिसेकंदांत सुमारे 2 मिलिसेकंद पंप वीज लाइनीला परत देतो. या येण्याजाण्याला 'वॅटहीन' म्हणतात. शब्द फसवा आहे. सरासरी वॅट नसले तरी अँपियर असतातच आणि तारा त्यांनीच तापतात.

म्हणून कारखान्यांनी मागे पडलेला प्रवाह पुढे ओढणारे कपॅसिटर बसवले. महाराष्ट्रात दीर्घकाळ फक्त मागे पडणारा प्रवाह, म्हणजे लॅग, धरून पॉवर फॅक्टर, म्हणजे हाच cos φ, काढत. 0.90 च्या खाली दंड, 0.95 च्या वर सवलत. सप्टेंबर 2018 पासून पुढे धावणारा प्रवाहही, म्हणजे लीडही, मोजू लागले. एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांना थेट केव्हीएएचवर, म्हणजे खऱ्या वॅटऐवजी व्होल्ट-अँपियरच्या युनिटांवर, बिल येते. त्यात लॅग आणि लीडची वॅटहीन युनिटे एकमेकांतून वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते. दिवसा 200 युनिट लॅग आणि रात्री 200 लीड झाले, तर हिशेबात 400 धरतात. तर्क खोटा नाही, कारण दोन्ही वेळी लाइनीत जादा अँपियर वाहिलेच.

पण याचा चटका हंगामी धंद्याला जास्त बसतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि रत्नागिरी, मालवणकडचे बर्फाचे कॉम्प्रेसर थांबतात. 25 केव्हीएआरचा, म्हणजे 25 हजार वॅटहीन व्होल्ट-अँपियरचा, कपॅसिटर थेट बसबारवर चालूच राहिला आणि दिवे, ऑफिस मिळून भार 2 किलोवॅटच असला, तर (ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा प्रवाह सोडून) √(2² + 25²), म्हणजे 25.1 केव्हीए. दिवसाला खरी वीज 48 युनिट, बिलात सुमारे 602! cos φ येतो 0.08, तोही लीड. मीटरवर केव्हीएएच धावतेय आणि केडब्ल्यूएच, म्हणजे खरी युनिटे, जवळपास जागेवर आहे असे दिसले, तर आधी कपॅसिटर पॅनेल उघडावे. बहुतेक वेळा स्वयंचलित रिले मॅन्युअलवर राहिलेला असतो किंवा कॉन्टॅक्टर खाऱ्या हवेने चिकटलेला असतो. कपॅसिटरची वीज बंद केल्यावरही किमान 5 मिनिटे थांबून, टर्मिनलवर व्होल्टेज उरले नाही हे तपासल्याशिवाय हात लावू नये.