पंधरा वर्षांचा अनुभव म्हणजे क्रेडिट जमलेच?

"सर्टिफिकेशन रिन्यू करायला सीनियर माणसाने परीक्षा कशाला द्यायची? रोजच्या कामातूनच क्रेडिट जमतात ना?"

जमत नाहीत, निदान पुरेसे तरी नाहीत. पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेशन टिकवायला 3 वर्षांत 60 पीडीयू, म्हणजे तिथले क्रेडिट, लागतात आणि प्रत्यक्ष काम केल्याबद्दल त्यातले जास्तीत जास्त 8 मिळतात, मग अनुभव कितीही असो. किमान 35 शिक्षणातूनच यावे लागतात. नेटवर्किंगची सर्टिफिकेशन देणारी सिस्को तर नुसत्या नोकरीचे क्रेडिट देतच नाही.

सिस्कोच्या सीसीएनपी या सर्टिफिकेशनला मात्र दोन्ही वाटा खुल्या आहेत. 3 वर्षांत मान्यताप्राप्त कोर्स करून 80 क्रेडिट मिळवा, किंवा मुख्य विषयाची एक कोअर परीक्षा पास व्हा. यातली मधली वाट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: 40 क्रेडिट आणि एखाद्या ठरावीक विषयाची एक कॉन्सन्ट्रेशन परीक्षा.

समजा, टीम सांभाळणाऱ्या एका आर्किटेक्टचे 40 क्रेडिट झालेत आणि मुदत संपायला चार महिने उरलेत. राउटिंग अजून हातात असेल, तर आणखी 40 क्रेडिटच्या कोर्सांमागे धावण्यापेक्षा राउटिंगची ENARSI ही कॉन्सन्ट्रेशन परीक्षा देणं सुटसुटीत. पण कमांड टाइप करून वर्षं लोटली असतील, तर परीक्षेची तयारीच जड जाईल. अशांना कोर्स बरे, आणि तेही पहिल्या वर्षापासूनच सुरू करावेत. (कंपनी कोर्सचे पैसे भरत असेल, तर प्रश्नच मिटला.)

नापास झालात तर पुन्हा बसायला वेळ हवा, म्हणून परीक्षा शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मुदत उलटली की जमलेले क्रेडिट कामी येत नाहीत. सीसीएनपी कोअरपासून पुन्हा मिळवावं लागतं.