कॉफीचा उतारा कसा मोजावा: रिफ्रॅक्टोमीटर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाण्यातील आमच्या दुकानातून कॉफी नेणाऱ्या काही ग्राहकांनी अलीकडे रिफ्रॅक्टोमीटर घेतला आहे. पूर्वी "आंबट लागते", "पाणचट लागते" अशा तक्रारी येत, आता त्यांच्या जोडीला "माझे रीडिंग एक पूर्णांक वीस येते, ते बरोबर आहे का?" असा प्रश्न येतो. त्याचे खरे उत्तर असे की, नुसत्या त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. त्याच्याबरोबर दोन वजने लागतात, आणि ती बहुतेकांनी लिहून ठेवलेली नसतात. हे पत्रक मुख्यतः कागदी फिल्टरमधून गाळलेल्या कॉफीसाठी आहे.

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर कॉफीचा थेंब ठेवला की द्रवातून जाताना प्रकाश किती वळतो ते उपकरण मोजते, आणि त्यावरून द्रवात वजनाने किती टक्के घन पदार्थ विरघळलेले आहेत ते दाखवते. यालाच टीडीएस म्हणतात. आरओ बसवणारा माणूस पाण्यात बुडवतो त्या पेनवरही टीडीएसच लिहिलेले असते, पण ते पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजते. कॉफीतील बराचसा विरघळलेला भाग वीज वाहून नेत नाही, त्यामुळे ते पेन कॉफीत बुडवून काही उपयोग होत नाही. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार गोडी पाहण्यासाठी वापरतात तो हातातला ब्रिक्समीटर तत्त्वाने आपल्या कामाचा आहे, परंतु त्याच्या पट्टीवरील सर्वांत लहान खूण साधारणपणे ०.२ ब्रिक्सची असते. कॉफीसाठी ब्रिक्सला सुमारे ०.८५ ने गुणले की टीडीएस मिळतो, म्हणजे एका खुणेचा फरक ०.१७ टक्क्यांचा होतो. पुढील उदाहरण वाचल्यावर ध्यानात येईल की एवढ्या फरकात चांगली कॉफी आणि फसलेली कॉफी दोन्ही मावतात.

दुसरा आकडा उताऱ्याचा. साखर कारखान्यात शंभर किलो उसामागे किती किलो साखर निघाली त्याला साखर उतारा म्हणतात. त्याच अर्थाने, आपण घेतलेल्या कोरड्या पुडीपैकी वजनाने किती टक्के भाग कपात उतरला, तो कॉफीचा उतारा. इंग्रजीत त्यालाच एक्स्ट्रॅक्शन यील्ड असे नाव आहे. टीडीएसवरून कॉफी किती दाट आहे ते कळते, तर उताऱ्यावरून पुडीतून किती काढून घेतले ते कळते. भाजलेल्या कॉफीचा फार तर तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग पाण्यात विरघळू शकतो, बाकीचा चोथा. १९५० च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने केलेल्या कामावरून १८ ते २२ टक्के हा पट्टा रूढ झाला. तो त्या काळच्या अमेरिकन पिणाऱ्यांच्या पसंतीवर आधारलेला होता, म्हणून आम्ही त्याकडे नियम म्हणून न पाहता शोध कुठून सुरू करावा याची खूण म्हणून पाहतो.

हिशेब असा आहे:

उतारा (टक्के) = टीडीएस (टक्के) × भांड्यात उतरलेल्या कॉफीचे वजन ÷ कोरड्या पुडीचे वजन

एका ग्राहकाचे उदाहरण

घोडबंदर रोडवर राहणारे आमचे एक ग्राहक चिकमगळूरची, हलकी भाजलेली, धुतलेल्या पद्धतीची कॉफी घेऊन गेले आणि आठवड्याने परत आले. त्यांचे म्हणणे होते की उतारा बरोबर २० टक्के येतो, तरीही कॉफी आंबट आणि पातळ लागते, म्हणजे दाण्यातच दोष असला पाहिजे. त्यांच्या वहीत नोंद होती: पूड १५ ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम, टीडीएस १.२०, पाणी पूर्ण उतरण्यास २ मिनिटे २० सेकंद. त्यांनी १.२० ला २५० ने गुणून १५ ने भागले होते.

चूक इथेच होती. ओतलेले २५० ग्रॅम पाणी सगळे खाली येत नाही. कोरडी पूड आपल्या वजनाच्या दुपटीइतके पाणी चोथ्यात धरून ठेवते. आमच्या काउंटरवर त्यांनी त्याच पद्धतीने कॉफी केली आणि या वेळी रिकाम्या काचेच्या भांड्याचे वजन आधी करून घेतले, तेव्हा खाली उतरलेली कॉफी २१८ ग्रॅम भरली. २१८ ग्रॅमचे १.२० टक्के म्हणजे सुमारे २.६२ ग्रॅम, आणि ते १५ ग्रॅमच्या १७.४ टक्के. म्हणजे जीभ खरे सांगत होती आणि वही खोटे. या पत्रकातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर भांड्याचे वजन करण्याची सवय घ्यावी.

घरी त्यांनी पातळपणावर उपाय म्हणून पूड वाढवून पाहिली होती, आणि तो प्रयोग आम्ही पुन्हा केला, कारण बहुतेक जण आधी हेच करतात. पूड १८ ग्रॅम, पाणी तेवढेच, दळण तेच. खाली २१२ ग्रॅम उतरले आणि टीडीएस १.३८ आला. विरघळलेला ऐवज २.९३ ग्रॅम, म्हणजे आधीपेक्षा जास्त. पण १८ ग्रॅमच्या हिशेबाने उतारा १६.३ टक्के, म्हणजे आधीपेक्षा कमी. कप दाट झाला आणि आंबटपणाही दाट झाला. तेवढेच पाणी आता जास्त पुडीत वाटले गेल्यामुळे प्रत्येक कणातून कमी निघाले, असा त्याचा अर्थ आहे.

मग पूड परत १५ ग्रॅमवर आणून फक्त दळण बारीक केले. त्यांच्या हाताने फिरवायच्या ग्राइंडरवर चार क्लिक. पाणी उतरण्यास ३ मिनिटे ५ सेकंद लागली, २१७ ग्रॅम कॉफी मिळाली, टीडीएस १.४१ आणि उतारा २०.४ टक्के. दोन कपांमधला टीडीएस पाहिला तर १.३८ आणि १.४१ जवळपास सारखेच आहेत, पण पहिला कप तोंड आंबवणारा होता आणि हा गोड, गोलसर. केवळ टीडीएस पाहणाऱ्याला हा फरक कागदावर कधीच दिसला नसता.

उत्साहाच्या भरात आणखी चार क्लिक बारीक केले. पाणी तुंबले, ४ मिनिटे ५० सेकंद लागली, २१५ ग्रॅमला टीडीएस १.३७ आला आणि उतारा १९.६ टक्क्यांवर घसरला. दळण बारीक केल्यावर उतारा वाढायला हवा. तो उलट खाली आला, तर पाणी पुडीतून सारखे न झिरपता एखाद्या वाटेने निसटले असे समजावे. त्या वाटेवरच्या पुडीतून प्रमाणाबाहेर निघते आणि बाकीची अर्धवट भिजते, म्हणून तो कप एकाच वेळी कडू, जीभ कोरडी करणारा आणि मागून आंबट होता. उतारा हा सरासरीचा आकडा आहे आणि सरासरी अशी विषमता झाकते. १९.६ हा आकडा एकटा पाहिला असता तर कोणीही त्याला उत्तमच म्हटले असते.

थेंब घेण्याची पद्धत

सुरुवातीला उतरलेली कॉफी दाट आणि शेवटची पातळ असते, त्यामुळे भांडे ढवळल्याशिवाय नमुना घेऊ नये. ढवळून एक चमचा कॉफी लहान वाटीत काढावी, वर झाकण ठेवावे आणि ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. तोवर उपकरणाची काच पुसून डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबावर शून्य करून घ्यावे. नंतर पाणी पूर्ण टिपून कॉफीचा थेंब ठेवावा, अर्धा मिनिट थांबावे आणि लागोपाठ तीन रीडिंग जुळली की मगच आकडा लिहावा.

थांबण्याचे कारण तापमान आहे. एका अंशाच्या फरकाने, दुरुस्ती झाली नाही तर, टीडीएस सुमारे ०.०६ ने चुकतो. डिजिटल उपकरणे ही दुरुस्ती स्वतः करतात, परंतु थेंब आणि काच एकाच तापमानाला आहेत असे ती गृहीत धरतात. गरम थेंब ठेवला तर रीडिंग आधी कमी दिसते आणि थेंब निवत जाईल तसे वर चढून स्थिरावते. रीडिंग स्थिरावण्याऐवजी सावकाश वरच जात राहिले, तर थेंबातील पाणी उडून जात आहे. अशा वेळी पंखा बंद करावा किंवा उपकरणाचे झाकण लावावे आणि नवा थेंब घ्यावा. पावसाळ्यात याच्या उलट प्रकार होतो. एसीच्या खोलीतून उपकरण थेट दमट स्वयंपाकघरात आणले की गार काचेवर बारीक दव धरते आणि पुढचा थेंब त्यात पातळ होतो. आम्ही स्वतः एका जुलैत सकाळभर सर्व कॉफ्यांचे उतारे कमी काढून भट्टीला दोष देत बसलो होतो. काच साफ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असाल तर ते पूर्ण वाळू द्यावे, कारण त्याचा अंशही प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवतो आणि आकडा फुगतो.

एवढे करूनही उपकरणाची अचूकता ०.०३ टक्क्यांच्या आसपास धरली, तर वरील उदाहरणात उताऱ्यात अर्ध्या टक्क्याच्या जवळपास फरक पडू शकतो. म्हणून २०.१ आणि २०.४ यांत चव शोधत बसू नये.

फ्रेंच प्रेसमध्ये पूड पाण्यात बुडून राहते, त्यामुळे चोथ्यात अडकलेला द्रवही कपातल्याइतकाच दाट असतो. तिथे भांड्यात उतरलेल्या कॉफीऐवजी ओतलेल्या पाण्याचे वजन धरावे. ३० ग्रॅम पूड, ५०० ग्रॅम पाणी आणि टीडीएस १.३० असेल तर उतारा २२ टक्क्यांच्या आतबाहेर येतो. त्या कॉफीत आणि एस्प्रेसोत न विरघळलेले बारीक कण असतात, ते प्रकाश विखुरतात. एस्प्रेसोचा नमुना सिरिंजच्या फिल्टरमधून गाळून घ्यावा.

चिकोरी मिसळलेल्या पुडीचा उतारा काढू नये. भाजलेली चिकोरी कॉफीच्या दुपटीहून अधिक विरघळते आणि उपकरणाला दोन्हींतला भेद कळत नाही, त्यामुळे फिल्टर कापीच्या डिकॉक्शनवर २८-३० टक्के असा आकडा दिसला तर हात चांगला बसला असे समजू नये. साखर घातलेल्या किंवा दूध मिसळलेल्या कॉफीलाही हेच लागू आहे.

ज्यांच्याकडे उपकरण नाही, त्यांनी ढवळून घेतलेली दोन चमचे कॉफी घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत भरून दुकानात आणावी. बाटली बंद असेल तर काही तासांत आकडा बदलत नाही. सोबत चिठ्ठीवर पुडीचे वजन, ओतलेल्या पाण्याचे वजन, भांड्यात उतरलेल्या कॉफीचे वजन आणि लागलेला वेळ लिहावा. मापन विनामूल्य आहे. भांड्याचे वजन लिहिलेले नसेल, तर आम्ही फक्त टीडीएस सांगू शकू.