कर्जमंजुरी पत्रातील अटी : कन्नड पत्र आणि मराठी दुकानदार

कर्जमंजुरी पत्र, म्हणजे बोलीभाषेतले ‘सँक्शन लेटर’, हा बँकेचा अटींसह दिलेला लेखी होकार असतो. ते हातात आले म्हणजे पैसे मिळाले असे नाही. पत्रात रक्कम, व्याजदर, तारण, जामीनदार आणि मुदत लिहिलेली असते, आणि त्याखाली पैसे कधी व किती उचलता येतील हे ठरवणाऱ्या अटी असतात. कर्जदाराने पत्राच्या प्रतीवर ‘अटी मान्य’ म्हणून सही केली, करारपत्रे पूर्ण केली आणि सांगितलेली कागदपत्रे जमा केली की मगच खाते वापरता येते. होकारालाही मुदत असते. ती उलटून गेली तर बँक पुन्हा नव्याने छाननी करते.

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात मराठी दुकानदार पुष्कळ आहेत आणि तिथल्या काही सहकारी संस्थांची छापील पत्रे कन्नडमध्ये असतात. घरात आणि गिऱ्हाईकाशी मराठी, बाजारात कामापुरती कन्नड, असा ज्याचा व्यवहार आहे त्याला बोललेली कन्नड कळते. कार्यालयीन कन्नड मात्र अडते. अशा वेळी पत्र समजावण्याचे काम शाखेतला अधिकारी, कर सल्लागार किंवा घरातले शिकलेले मूल करते. पुष्कळ शब्द सोपे जातात. ‘बड्डी’ म्हणजे व्याज, ‘असलु’ म्हणजे मुद्दल, ‘कंतु’ म्हणजे हप्ता आणि ‘दास्तानु’ म्हणजे मालाचा साठा. ‘जामीनु’ तर मराठीच वाटतो. फसवतो तो ‘सुस्ती’. कन्नड बँकव्यवहारात सुस्ती म्हणजे थकबाकी आणि ‘सुस्तीदार’ म्हणजे थकबाकीदार. ‘सुस्ती बड्डी’ ही ओळ मराठी कान सहज सोडून देतो, आणि पैसे वाढतात ते नेमके तिथे.

पत्र समजावायला बसण्यापूर्वी माथ्यावरचे नाव नीट वाचावे. ते बँकेचे आहे की सौहार्द सहकारी संस्थेचे, यावर पुढचे बरेच काही ठरते. कर्नाटकातल्या सौहार्द संस्था राज्याच्या 1997 च्या कायद्याखाली चालतात. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसेल तर त्या बँका नसतात, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे कर्जदारांसाठीचे नियम त्यांना लागू होत नाहीत. याचे एक ठळक उदाहरण सुस्ती बड्डीचेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, नव्या कर्जांना 1 एप्रिल 2024 पासून, अट मोडल्याबद्दलचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही. तो वेगळा आकार म्हणून लावायचा असतो आणि त्या आकारावर पुढे व्याज चढवता येत नाही. नागरी सहकारी बँकांनाही हे बंधन आहे. बँकेच्या जुन्या छापील नमुन्यात ‘सुस्ती असल्यास दोन टक्के जादा व्याज’ अशी ओळ राहून गेली असेल, तर सही करण्यापूर्वी ती दुरुस्त करून मागण्यात काही गैर नाही. पत्र सौहार्द संस्थेचे असेल, तर तीच ओळ तशीच अंगावर येऊ शकते.

दुकानदाराला मिळणारे नेहमीचे कर्ज म्हणजे कॅश क्रेडिट, बाजारातले ‘सीसी’. यात हप्ता नसतो. ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलायचे, विक्रीचे पैसे खात्यात भरायचे, आणि जेवढी रक्कम जितके दिवस वापरली तेवढ्याचेच व्याज द्यायचे. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. पत्रावर ठळक अक्षरांत पाच लाख असतात आणि तो पाच लाखांचा हिशेब मांडतो. खालच्या अटींत मात्र आणखी एक मर्यादा दडलेली असते, तिला ‘ड्रॉइंग पॉवर’ किंवा नुसते ‘डीपी’ म्हणतात. मंजूर रक्कम आणि डीपी यांतली जी कमी, तेवढेच उचलता येते. डीपी दर महिन्याला दुकानातल्या मालावरून ठरते.

बेळगावातल्या एखाद्या कापड दुकानाचा हिशेब करून पाहू. मंजूर मर्यादा पाच लाख. अट अशी : मालावर 25 टक्के आणि उधारीवर 50 टक्के मार्जिन, 90 दिवसांवरची उधारी धरली जाणार नाही. महिनाअखेरीस दुकानात खरेदी किमतीने 6,40,000 रुपयांचा माल आहे. त्यातले 1,40,000 रुपये घाऊक व्यापाऱ्याला अजून द्यायचे आहेत. बँक हा भाग आधी वजा करते, कारण तो माल व्यापाऱ्याच्या पैशावर उभा आहे आणि त्याच मालावर बँकेनेही पैसे दिले तर एकाच वस्तूवर दोनदा कर्ज होते. उरले 5,00,000. त्यावर 25 टक्के मार्जिन म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा वाटा, तो वजा केला की 3,75,000. गिऱ्हाइकांकडे येणे 1,20,000 आहे, पण त्यातले 40,000 तीन महिन्यांहून जुने. धरण्याजोगे 80,000, त्याचे निम्मे 40,000. एकूण डीपी झाली 4,15,000. पत्रावर पाच लाख असले तरी या महिन्यात 85,000 रुपये त्याच्या हाताबाहेर आहेत.

दुकानदार हे ऐकून चमकतो आणि विचारतो, “मंजूर पाच लाख आहेत ना साहेब, मग चेक परत कसा जाईल?” जातो, कारण शाखेतल्या संगणकात पाच लाखांऐवजी 4,15,000 हा आकडा भरलेला असतो. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याने व्यापाऱ्याचे एक लाख रुपये स्वतःच्या विक्रीतून फेडले आणि तेवढाच माल शिल्लक ठेवला, तर उरलेला माल 6,00,000, मार्जिन जाऊन 4,50,000, उधारीचे 40,000, म्हणजे डीपी 4,90,000 होते. उधारी वेळेत वसूल करणे आणि न खपणारा माल वेळीच काढणे यांचाही परिणाम याच आकड्यात दिसतो. तपासणीला आलेला अधिकारी जुन्या फॅशनचे, वर्षभर न हललेले कापड धरायला तयार नसतो, आणि त्यात त्याचे चूक नसते.

हा हिशेब ज्या कागदावर चालतो तो ‘स्टॉक स्टेटमेंट’. अटीत ते पुढच्या महिन्याच्या अमुक तारखेपर्यंत द्यावे असे लिहिलेले असते. नवा कर्जदार त्याला औपचारिकता समजतो आणि दोन-तीन महिने देत नाही. डीपी तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली असेल, तर त्यावर उचललेले पैसे अनियमित मानले जातात, आणि ही स्थिती सलग 90 दिवस टिकली तर खाते थकीत, म्हणजे एनपीए, ठरते. पैसे बुडवले नाहीत, धंदा चालू आहे, तरी कागद न दिल्याने खाते बिघडते. उलट आकडे फुगवून देणेही महागात पडते. स्टेटमेंटमधला माल आणि जीएसटी विवरणातली खरेदी-विक्री यांचा मेळ बसत नाही हे आज शाखेत बसून कळते.

सीसी खाते बिघडण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. एक, खात्यातली बाकी सलग 90 दिवस मर्यादेच्या किंवा डीपीच्या वर राहणे. दुसरा, 90 दिवसांत खात्यात भरणाच नसणे, किंवा झालेला भरणा तेवढ्या काळाच्या व्याजालाही न पुरणे. वरच्या दुकानात 4,15,000 पूर्ण उचललेले आहेत असे धरू. दर 11 टक्के असेल तर महिनाअखेरीस सुमारे 3,800 रुपये व्याज खात्यात नावे पडते आणि एक पैसाही न काढता बाकी डीपीच्या वर जाते. म्हणून डीपीच्या काठोकाठ उचलू नये. खात्यात जाणवण्याइतकी जागा कायम मोकळी ठेवावी. ‘विक्रीची सर्व उलाढाल याच खात्यातून करावी’ ही अटही याच्याशी जोडलेली आहे. गिऱ्हाईक क्यूआर कोडवरून देत असलेले पैसे दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यात जात असतील, तर सीसी खाते सुकते आणि बँकेला धंदा मंदावल्यासारखा दिसतो. कोड बदलून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते सांगावे लागते.

‘मागताच परतफेड’ या अर्थाची ओळ वाचून पुष्कळजण घाबरतात. सीसीला हप्त्यांचे वेळापत्रक नसल्यामुळे कायद्याच्या भाषेत ते मागताच फेडायचे कर्ज असते. खाते नीट चालले असेल तर प्रत्यक्षात वर्षाअखेरीस नूतनीकरण होते. ही तारीख मात्र वहीत लिहून ठेवावी. ताळेबंद आणि विवरणे न दिल्यामुळे नूतनीकरण रखडले आणि ठरलेल्या तारखेपासून 180 दिवस उलटले, तर चांगले खातेही एनपीएमध्ये जाते.

विम्याच्या अटीत पत्ता पाहावा. माल दुकानात आणि थोडा मागच्या गल्लीतल्या गोदामात असेल, तर दोन्ही पत्ते मंजुरी पत्रात, पॉलिसीत आणि स्टेटमेंटमध्ये सारखे हवेत. नोंद नसलेल्या गोदामातला माल डीपीत धरला जात नाही आणि आग लागली तर दाव्यातही अडकतो. पॉलिसीवर बँकेचे नाव असते, त्यामुळे भरपाई आधी कर्जखात्यात येते.

जामीनदाराला पत्र वेगळे बसवून समजवावे. बहुतेकदा ती बायको, भाऊ किंवा बाजारातला स्नेही असतो आणि ‘फक्त सही हवी’ एवढेच त्याला सांगितलेले असते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी दुकान विकावे आणि मग आपल्याकडे यावे, असे तो म्हणू शकत नाही.

मराठीत तोंडी सांगितलेला अर्थ आणि सही केलेला कन्नड मजकूर यांत फरक निघाला, तर बँक मजकुरावर बोट ठेवते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ठळक बाबींचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि ते समजावल्याची पोच घेणे बंधनकारक केले आहे. सीसी हे मुदत कर्ज नसल्यामुळे ते तिथे आपोआप मिळत नाही, मागून पाहावे लागते. करारपत्रांसोबत बहुधा आणखी एक छोटा कागद सहीला येतो : ‘मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवला व समजला.’ इतर पत्रांच्या गठ्ठ्यात तो सहज उरकला जातो. पुढे ‘मला कन्नड येत नव्हते’ हे म्हणणे याच कागदामुळे टिकत नाही, तेव्हा मार्जिन, स्टेटमेंटची तारीख, दंडाचा आकार आणि नूतनीकरणाचा दिवस मराठीत लिहून घेऊन शाखाधिकाऱ्याकडून पडताळून झाल्यावरच त्यावर सही करावी.