७२० महिन्यांचा डेटा आणि ते ०.७५ आलं कुठून

मॅक्रोचे पेपर चाळायला घेतले की टेबलाखाली एक ओळ हमखास सापडते, 'कंसात न्यूई-वेस्ट स्टँडर्ड एरर दिले आहेत'. लॅग किती घेतले हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, आणि लिहिलं असलं तर ४ किंवा ६. वाचणाराही म्हणतो चला, रोबस्ट आहे ना, झालं. त्यात डेटा साठ वर्षांचा मासिक असेल तर विचारायलाच नको, ७२० निरीक्षणं आहेत म्हणजे स्टँडर्ड एरर पक्का असणारच असं सगळे धरून चालतात. हा गैरसमज चांगलाच मुरलेला आहे आणि तो एका छोट्याशा आकड्यात लपलाय, म्हणून आज फक्त त्या आकड्याबद्दल.

उदाहरण नेहमीचंच घेऊ. पुढच्या १२ महिन्यांत औद्योगिक उत्पादन किती टक्के वाढेल हे आजच्या टर्म स्प्रेडवरून, म्हणजे दहा वर्षांच्या आणि तीन महिन्यांच्या व्याजदरातल्या फरकावरून सांगता येतं का? दर महिन्याला एक ओळ, एकूण ७२० ओळी. आता जानेवारीच्या ओळीतली वाढ म्हणजे पुढचे बारा महिने, फेब्रुवारीच्या ओळीतली वाढ म्हणजे एक महिना पुढे सरकलेले बारा महिने, त्यामुळे यातले अकरा महिने दोन्हीकडे सारखेच. एररसुद्धा साहजिकच एकमेकांना चिकटलेले, शेजारच्या दोन ओळींतल्या एररचं कोरिलेशन ११/१२, म्हणजे जवळपास ०.९२. हे म्हणजे एकाच माणसाला बारा वेळा विचारून बारा मतं मोजल्यासारखं आहे. वर टर्म स्प्रेडही हळूहळू हलणारा प्राणी, या महिन्यात जास्त असला तर पुढच्या महिन्यातही जास्तच. त्याचं महिन्यागणिक कोरिलेशन आपण ०.९७ धरू.

स्टँडर्ड एरर कशावर ठरतो? एकट्या एररवर नाही, एकट्या स्प्रेडवरही नाही, तर दोघांच्या गुणाकारावर. त्याला `z` म्हणू. स्प्रेड आणि एरर एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर `z` चं कोरिलेशन म्हणजे त्या दोघांच्या कोरिलेशनचा गुणाकार. एका महिन्याच्या अंतरावर ०.९७ गुणिले ०.९२, म्हणजे ०.८९. दोन महिन्यांवर ०.७८, असं उतरत उतरत बाराव्या महिन्याला शून्य. ही अकरा कोरिलेशनं दोन्ही बाजूंनी, मागे आणि पुढे, बेरजेत घेतली आणि त्यात १ मिळवला की उत्तर येतं १०.७. याचा अर्थ असा की खरा व्हेरियन्स साध्या हिशेबाच्या १०.७ पट आहे आणि खरा स्टँडर्ड एरर ३.२७ पट. उलटीकडून बघा, ७२० ला १०.७ ने भागा, ६७ उरतात. साठ वर्षांचा डेटा म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं तो प्रत्यक्षात ६७ स्वतंत्र निरीक्षणांइतकाच.

अडचण ही की खऱ्या डेटात ही कोरिलेशनं आपल्याला माहीत नसतात, ती मोजावी लागतात, आणि लांबच्या लॅगची कोरिलेशनं मोजताना नुसता गोंगाट गोळा होतो. सरळ मोजून बेरीज केली तर व्हेरियन्स चक्क ऋण निघू शकतो. १९८७ मध्ये न्यूई आणि वेस्ट यांनी जो उपाय दिला तो साधा आणि फार सुंदर आहे: प्रत्येक लॅगला उतरतं वजन द्यायचं. बँडविड्थ ७ असेल तर पहिल्या लॅगला ६/७, दुसऱ्याला ५/७, सहाव्याला १/७ आणि त्यापुढे काहीच नाही. या वजनांमुळे व्हेरियन्स कधीच ऋण होत नाही. (सॉफ्टवेअरमध्ये 'लॅग' ६ टाकला की बँडविड्थ ७ होते, हा एकाचा फरक लक्षात ठेवा.) पण याची किंमत मोजावी लागतेच, कारण खरी कोरिलेशनं धन असतील तर प्रत्येकाचा काही भाग आपण कापून टाकतोय आणि उत्तर कायम खऱ्यापेक्षा कमी येणार. बँडविड्थ छोटी तर काप मोठा, बँडविड्थ मोठी तर काप कमी पण गोंगाट जास्त. सगळं भांडण याच्यावरच आहे.

मग ७ हा आकडा येतो कुठून? पाठ्यपुस्तकातला नियम आहे, `S` म्हणजे बँडविड्थ आणि `T` म्हणजे निरीक्षणांची संख्या:

`S = 0.75 × T^(1/3)`

७२० चं घनमूळ जवळपास ९, त्याचे पाऊण ६.७, म्हणून ७. लोक हा नियम असा वापरतात जणू तो निसर्गाचा नियम आहे, त्यात फक्त `T` आहे म्हणजे डेटा कसाही असला तरी चालतो. पण त्या ०.७५ च्या पोटात एक गृहीतक गोठवून ठेवलंय. मूळ सूत्र अँड्र्यूज यांचं, १९९१ चं:

`S = 1.1447 × (a × T)^(1/3)`, `a = 4ρ² / (1 − ρ²)²`

यातला `ρ` म्हणजे `z` चं पहिल्या लॅगचं कोरिलेशन. आता स्प्रेड आणि एरर प्रत्येकाचं पहिल्या लॅगचं कोरिलेशन ०.५ धरलं तर `z` चं होतं ०.२५. ते सूत्रात घाला: `a` येतो ०.२८४, त्याचं घनमूळ ०.६५८, गुणिले १.१४४७ बरोबर ०.७५. आलं ना तुमचं ०.७५! म्हणजे हा नियम वापरताना तुम्ही न बोलता सांगताय की माझ्या डेटातली चिकटपट्टी ०.२५ इतकीच आहे. आपल्या उदाहरणात ती ०.८९ आहे. तेच सूत्र, तोच `T`, फक्त `ρ` खरा घातला तर बँडविड्थ येते ४३. सात कुठे आणि त्रेचाळीस कुठे.

याचा परिणाम किती ते आता बघू, कारण इथेच मला सगळ्यात मजा येते. समजा ऑटोकोरिलेशनकडे पूर्ण दुर्लक्ष करून स्प्रेडचा टी ६.० आला, बघणारा खूश. वर काढलेली कोरिलेशनंच वापरून हिशेब केला तर बँडविड्थ ७ ला टी उतरतो २.६ वर, अजूनही दोन तारे. मग कोणीतरी म्हणतं ओव्हरलॅप बारा महिन्यांचा आहे, लॅग ११ घ्या, म्हणजे बँडविड्थ १२. हे ऐकायला अगदी बरोबर वाटतं पण अकराव्या लॅगपर्यंत पोचणं म्हणजे अकरा लॅग पूर्ण मोजणं नव्हे, उतरत्या वजनांमुळे सहाव्या लॅगला अर्धंच वजन मिळतं, आणि टी येतो २.२. बँडविड्थ ३५ घेतली तर १.९४. खरा स्टँडर्ड एरर माहीत असता तर १.८४. मोठ्या नमुन्यातला सरासरी हिशेब आहे हा, प्रत्यक्षात आकडे थोडे इकडे तिकडे होतील, पण उतार हाच. दुसऱ्या भाषेत, स्प्रेडचा काहीच संबंध नसताना '५ टक्क्यांची' टेस्ट बँडविड्थ ७ ला साधारण १६-१७ टक्के वेळा संबंध सापडला म्हणून ओरडते, १२ ला १० टक्क्यांच्या थोडं वर, आणि ३५ ला, खाली सांगतो ती पट्टी लावून, साडेसहाच्या आसपास.

मी ३५ हवेतून काढलेला नाही. २०१८ मध्ये लाझारस, लुईस, स्टॉक आणि वॉटसन यांनी सुचवलेला नियम आहे

`S = 1.3 × T^(1/2)`

७२० चं वर्गमूळ २६.८, गुणिले १.३, म्हणजे ३५. गंमत म्हणजे ०.७५ चा नियम लोकांनी ज्या पाठ्यपुस्तकातून घेतला त्याचे लेखकही हेच स्टॉक आणि वॉटसन. घनमुळाच्या जागी वर्गमूळ का आलं? अँड्र्यूज यांचं सूत्र व्हेरियन्सचा अंदाज शक्य तितका अचूक व्हावा म्हणून बनवलंय, त्यात काप आणि गोंगाट यांना सारख्याच नजरेने बघितलं जातं. पण आपल्याला टेस्ट करायची आहे, आणि टेस्टसाठी दोन्ही सारखे वाईट नाहीत. काप किती झाला हे कळत नाही म्हणून तो दुरुस्त करता येत नाही, गोंगाट किती हे मात्र बँडविड्थवरून आधीच ठरतं, त्यामुळे १.९६ ची पट्टी थोडी वर सरकवून तो भरून काढता येतो. म्हणून जाणूनबुजून मोठी बँडविड्थ घ्यायची आणि पट्टी बदलायची. कीफर आणि व्होगेलसँग यांनी २००५ मध्ये या पट्टीचं सूत्र दिलं, `b = S/T` धरून:

`1.96 + 2.9694b + 0.4160b² − 0.5324b³`

आपला `b` ०.०४८६, पट्टी येते २.११. आपला टी १.९४, म्हणजे पास नाही. बँडविड्थ मोठी करून पट्टी १.९६ च ठेवली तर अर्धंच काम केलं, आणि ही चूक सर्रास दिसते.

आर मध्ये करायचं तर:

```r
library(sandwich); library(lmtest)
m <- lm(y12 ~ spread)
V <- NeweyWest(m, lag = 34, prewhite = FALSE)
coeftest(m, vcov. = V)
```

`prewhite = FALSE` मुद्दाम लिहिलंय, कारण न लिहिल्यास हे फंक्शन आधी एक वेगळी प्रक्रिया करून मग वजनं लावतं आणि तुमच्या ३४ चा अर्थ बदलतो. `coeftest` शेवटी पी-व्हॅल्यू छापतो तिच्याकडे बघू नका, ती जुन्या पट्टीवरची असते. टी उचला आणि २.११ शी ताडून बघा.

जाता जाता, ग्रहांची स्थिती आणि शेअर बाजार यांचं 'सांख्यिकीय दृष्ट्या सिद्ध' नातं दाखवणारे ग्राफ फिरत असतात ना, तेही याच कापावर जगतात. शनीला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे ७२० महिन्यांत त्याच्या जेमतेम दोन फेऱ्या, आणि त्यावर टी ५ आला म्हणून छाती फुगवायची! एकोणिसाव्या शतकात जेव्हन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञालाही सूर्यावरच्या डागांत व्यापारातल्या मंदीचं चक्र दिसलं होतं, तेव्हा हे साधन नव्हतं म्हणून सोडून देऊ, आता ते कारण चालणार नाही.

पण ३५ ही जादूची कांडी नाही. आपल्या उदाहरणात एररची चिकटपट्टी फक्त ओव्हरलॅपमुळे होती आणि बाराव्या महिन्याला संपत होती. ती त्यापुढेही टिकत असेल तर ३५ सुद्धा कमी पडतो. हे ओळखायचं कसं, तर रिग्रेशनचे रेसिड्युअल घ्या, स्प्रेड सरासरीपासून किती दूर आहे त्याने गुणा, म्हणजे `z` चा अंदाज मिळाला, आणि त्याचा ऑटोकोरिलेशन प्लॉट काढा. पंधराव्या-विसाव्या लॅगलाही खांब उंच दिसत असतील तर समजून घ्या. मग बँडविड्थ २०, ३५, ५०, ७० घेऊन प्रत्येक वेळी तिची तिची पट्टी लावून बघा, स्टँडर्ड एरर वाढतच चालला असेल तर अजून काप शिल्लक आहे. अँड्र्यूज यांच्या सूत्रात `ρ` ०.८९ च्या जागी ०.९७ घातला तर बँडविड्थ थेट १०५ वर जाते. तिथवर गोष्ट गेली असेल तर बहुधा दोन्ही सिरीज लेव्हलमध्ये ठेवल्या आहेत, आणि तिथे बँडविड्थशी खेळण्यापेक्षा वाढीचा दर घ्यावा किंवा y चे मागचे लॅग रिग्रेशनमध्येच टाकावेत.