बाळाची झोप पुरेशी होते का? हिशोब चोवीस तासांचा

लहान मुलांच्या झोपेचे आकडे वाचून अनेक आईवडील धास्तावतात. त्यातली पहिली गफलत अशी, की हे आकडे फक्त रात्रीचे समजले जातात. खरं तर ते रात्र आणि दिवस मिळून चोवीस तासांचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेले आकडे असे : तीन महिन्यांपर्यंत 14 ते 17 तास, 4 ते 11 महिने 12 ते 16 तास, एक ते दोन वर्षं 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षं 10 ते 13 तास. अकाली जन्मलेल्या बाळाचं वय पहिल्या दोनेक वर्षांत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावं.

ही पट्टी मुद्दामच रुंद आहे. सहा महिन्यांची दोन निरोगी बाळं घेतली, तर एक साडेबारा तासांत ताजंतवानं होतं आणि दुसऱ्याला पंधरा तास लागतात. दोन्ही ठीकच. शेजारच्या बाळाशी तुलना करून काहीच कळत नाही. त्यातून पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिवस-रात्रीचं शरीरातलं घड्याळच नीट बसलेलं नसतं, म्हणून त्या वयात तासांपेक्षा दूध पिणं, वजन वाढणं आणि जागेपणी बाळ तरतरीत दिसणं यांकडे पाहावं.

दुसरी गफलत जास्त त्रास देते : अंथरुणात घालवलेला वेळ झोपेत धरला जातो. वीस महिन्यांच्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. संध्याकाळी साडेसातला तिला अंथरुणात ठेवतात, सकाळी सातला ती उठते, दुपारी सव्वादोन तास झोपते. कागदावर हे झाले पावणेचौदा तास. पण ती प्रत्यक्षात झोपते पावणेनऊला, आणि रात्री दोन ते तीन टक्क जागी असते. रडत नाही, खेळायला मागते. म्हणजे रात्रीची खरी झोप सव्वानऊ तास, दुपारची धरून साडेअकरा. पट्टीत बसणारी.

आता प्रश्न असा, की तिला झोप कमी पडते आहे, की तिच्याकडून जास्त झोपेची अपेक्षा केली जाते आहे? उत्तर दिवसात सापडतं. ती सकाळी आपणहून उठते का, दोन झोपांच्या मधला बहुतेक वेळ हसतीखेळती असते का, गाडीत पाच-दहा मिनिटं बसली की लगेच पेंगते का, हे पाहायचं. हिच्या बाबतीत ती आपणहून उठते, दिवसभर खूश असते, गाडीत जागी राहते. म्हणजे गरजच साडेअकरा तासांची आहे आणि तिला अंथरुणात ठेवलं जातं पावणेचौदा तास. वरचे सव्वादोन तास कुठेतरी बाहेर पडणारच : सव्वा तास झोपण्याआधीच्या कटकटीत, एक तास मध्यरात्री. जागेपणी झोपेची भूक साठत जाते आणि झोपेत ती फिटते. ती भागली, की अंधार केला तरी डोळा लागत नाही.

इथे उपाय म्हणजे अंथरुणाची वेळ तिच्या गरजेजवळ आणणं. रात्री पावणेनऊला ठेवायचं, सकाळी पावणेसातला उठवायचं, दुपारची झोप पावणेदोन तासांवर थांबवायची. आठवडाभर तरी हे टिकवावं, दोन दिवसांत फरक दिसत नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागू लागला आणि मध्यरात्रीचा तास गेला, की वेळ जमली. उलट ती दिवसा किरकिर करू लागली, तर अर्धा तास परत द्यावा.

हाच उपाय थकलेल्या मुलावर केला तर नुकसान होतं, म्हणून दिवसाची लक्षणं आधी पाहायची. ज्याला रोज हलवून उठवावं लागतं, सुट्टीच्या दिवशी जे तासभर जास्त झोपतं, संध्याकाळी जे क्षुल्लक कारणाने रडतं किंवा उगाच सैरावैरा धावत सुटतं, त्याला झोप कमी पडते आहे. थकलेलं लहान मूल मलूल होण्याऐवजी पुष्कळदा अधिकच चेकाळतं, आणि मग ‘याला झोपच आलेली नाही’ असं वाटतं. अशा मुलाला दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं लवकर झोपवावं.

तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान दुपारची झोप सुटते, पण एकदम नाही. ज्या दिवशी ती होणार नाही, त्या रात्री तासभर आधी अंथरूण घालावं.

नोंद किमान सात दिवस ठेवावी. डोळा लागल्याची वेळ, जाग आल्याची वेळ, रात्रीचं लांबलेलं जागेपण, एवढंच लिहायचं. दोन-तीन मिनिटं कुशी बदलून पुन्हा झोपणं त्यात धरू नये, ते सगळ्यांचंच होतं. मूल आठवड्यातल्या तीन-चार रात्री घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा पुरेसे तास भरूनही दिवसा पेंगत असेल, तर वेळापत्रक बदलत बसू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. सोबत ती सात दिवसांची वही न्यावी.